पावतीमागची बारीक अक्षरं आणि दाव्याचं पहिलं वाक्य

कुरिअरचं पार्सल हरवलं की पहिला अर्ज रागात लिहिला जातो. 'माझं प्रचंड नुकसान झालं, मुलीचं वर्ष वाया गेलं, पाच लाख भरपाई द्या.' हा अर्ज कंपनीच्या कायदा विभागाला आवडतो, कारण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य पावतीमागच्या कुठल्या ना कुठल्या अटीत अडकतं. म्हणून दावा लिहायच्या आधी अर्धा तास त्या अटी वाचण्यात घालवावा. त्या वाचून हिंमत हरायची नसते. कुठलं नुकसान कुठल्या शब्दांत मांडायचं आणि कुठे मांडायचं, हे तिथून ठरतं.

आपल्या भागातलं एक कल्पित पण रोज घडणारं उदाहरण घेऊ. निपाणीतल्या एका शिक्षिकेनं पुण्यात शिकणाऱ्या मुलीला लॅपटॉप पाठवला. बुकिंग १० फेब्रुवारी २०२५चं, भाडं करासह ६२० रुपये, पावतीवर वजन ३.२ किलो, पद्धत 'सरफेस', म्हणजे रस्त्यानं. पुण्यात पेटी पोहोचली ती सैल चिकटपट्टीची, आत जुनी वर्तमानपत्रं आणि चार्जर. लॅपटॉप चौदा महिन्यांपूर्वी ५४,००० रुपयांना घेतलेला, बिल हाताशी. पावतीच्या मागे चार अटी: कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त १०० रुपये; अप्रत्यक्ष किंवा परिणामी नुकसानीची जबाबदारी नाही; तक्रार ७ दिवसांत न आल्यास हक्क संपला; वाद झाल्यास मुंबईत, कंपनीनं नेमलेल्या लवादापुढे.

या चारही अटींचं वजन सारखं नाही. चौथी सगळ्यात भीतिदायक दिसते आणि घरगुती ग्राहकापुढे सगळ्यात कमकुवत आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात १० डिसेंबर २०१८ला निकाली काढला, आणि ऑक्टोबर २०२३मध्ये हेमलता देवी विरुद्ध उदयश्री या निकालात पुन्हा स्पष्ट केलं की लवादाकडे जायचं की आयोगाकडे, ही निवड ग्राहकाची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चं कलम १०० सांगतं की हा उपाय इतर कायद्यांच्या जोडीचा आहे. कंपनी पहिल्याच उत्तरात 'लवादाची अट आहे, तक्रार फेटाळा' असा अर्ज देते. तो सहसा टिकत नाही.

एक खड्डा मात्र खरा आहे. निवड ग्राहकाची असते, पण ती एकदाच करायची असते. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी (२०१२) या शेतकऱ्यांच्या बियाण्यांच्या प्रकरणात न्यायालयानं शेतकऱ्यांना आयोगाकडे जाऊ दिलं. त्याच वेळी हेही सांगितलं की ज्यानं आधी लवाद निवडला, त्याला नंतर आयोगाकडे वळता येणार नाही. म्हणून नोटिशीत 'अटींप्रमाणे लवाद नेमावा' असं सभ्यपणे लिहू नका. कंपनीचं 'आमच्या यादीतला एक लवाद निवडा' असं पत्र आलं तर नाव निवडून परत पाठवू नका. एवढंच उत्तर पुरे: 'मी ग्राहक कायद्याखालचा उपाय निवडत आहे. लवादास माझी संमती नाही.'

'फक्त मुंबईचं कार्यक्षेत्र' या शब्दांचंही तसंच. २०१९च्या कायद्यानं कलम ३४मध्ये नवी सोय दिली: तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. निपाणीकरासाठी तो बेळगावचा जिल्हा आयोग. कंपनीची शाखा असेल किंवा तक्रारीचं कारण अंशतः घडलं असेल, त्या जिल्ह्यातही जाता येतं. आपल्याकडचे कितीतरी लोक पार्सलं कोल्हापूरच्या काउंटरवरून पाठवतात, कारण कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. त्यांना कोल्हापूरचा आयोगही खुला आहे. आमच्या उदाहरणात बुकिंग निपाणीतलं आहे, म्हणून बेळगाव सरळ पडतं. तक्रारदार कर्नाटकात राहणारी बाई असेल तर 'शक्ती' योजनेमुळे राज्याच्या साध्या बसनं बेळगावची फेरी फुकट होते. महामंडळाच्या बसचं तिकीट दाव्याच्या हिशेबात यावं हे गमतीचं वाटेल, पण तारखा चार-पाच पडल्या की तो खर्चच असतो. कागद मराठीत असतील तर बेळगावला सोबत इंग्रजी भाषांतर जोडा.

आता पहिली अट, १०० रुपयांची. इथे खरी लढाई आहे.

ही अट हसण्यावारी नेऊ नये, कारण अशीच अट सर्वोच्च न्यायालयानं एकदा मान्य केली आहे. भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या १९९६च्या निकालात तिरुप्पूरच्या कापड निर्यातदारानं जर्मनीला कागदपत्रं पाठवली, ती वेळेत पोहोचली नाहीत, खरेदीदारानं किंमत कापली. सव्वाचार लाखांवरच्या दाव्यात शेवटी शंभर डॉलरच मिळाले, कारण पाठवणाऱ्यानं सही केलेल्या चिठ्ठीत तेवढीच मर्यादा होती. कंपनीचा वकील हा निकाल दाखवणार हे धरूनच चाला.

त्यामुळे पहिला प्रश्न सहीचा. तुमची पावती पुढून-मागून पाहा. त्यावर तुमची सही आहे का? असल्यास ती अटींच्या खाली आहे, की फक्त पुढच्या पत्त्याच्या रकान्यात? अटी बुकिंगच्या आधी दाखवल्या, की पैसे घेतल्यावर पावती फाडून हातात दिली? आपल्याकडे बहुतेक वेळा काउंटरवरचा मुलगाच सगळं भरतो आणि ग्राहकाला थर्मल कागदाची चिठ्ठी मिळते, जी दोन महिन्यांत पुसट होते. आजच तिचा दोन्ही बाजूंचा फोटो काढा. सही नसेल तर तक्रारीत स्वच्छ लिहा: 'अटी बुकिंगपूर्वी दाखवल्या नाहीत, वाचून सांगितल्या नाहीत, त्यावर माझी सही नाही.' सही असेल तर हे वाक्य लिहू नका. खोटं वाक्य उलटतपासणीत पडलं की बाकीची खरी वाक्यंही त्याच्यासोबत पडतात. ॲपवर बुकिंग केलं असेल तर 'मान्य आहे' हे बटण दाबणं संमतीतच मोजलं जातं. तिथे सहीच्या मुद्द्यात वेळ घालवू नये. त्या दिवशी कुठल्या अटी लागू होत्या त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, कारण कंपन्या अटी बदलत राहतात.

दुसरा प्रश्न सहीपेक्षाही उपयोगी आहे, आणि तो बहुतेक तक्रारदारांच्या लक्षातच येत नाही: कराराच्या वर एखादा कायदा आहे का? रस्त्यानं जाणाऱ्या मालासाठी आहे. रस्ता वाहतूक कायदा २००७ हा ट्रान्सपोर्टवाल्यांबरोबर घरोघर पोहोचवणाऱ्या कुरिअर कंपन्यांनाही लागू होतो. त्याच्या व्याख्येतच कुरिअर एजन्सी हा शब्द आहे. या कायद्याच्या कलम १० आणि २०११च्या नियमांतल्या नियम १२प्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापट, मात्र माल पाठवताना जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. जास्त संरक्षण हवं असेल तर जास्त जोखमीचा दर भरून ते मिळतं. कलम १२प्रमाणे नुकसान निष्काळजीपणानं झालं हे दावा करणाऱ्यानं सिद्ध करायची गरज नाही. माल दिला आणि तो पोहोचला नाही, एवढं दाखवलं की उत्तर देण्याची पाळी वाहतूकदाराची.

आमच्या उदाहरणात भाड्याची दहापट म्हणजे ६,२०० रुपये. म्हणजे छापील १०० रुपयांना आपलं पहिलं उत्तर तयार आहे: संसदेनं ठरवलेल्या जबाबदारीच्या खाली एका छापील ओळीनं जाता येणार नाही. आयोग याहून जास्त देईल का? ते दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

एक, जाहीर किंमत. काउंटरवर 'किंमत किती लिहू?' असं विचारलं की बरेच जण '५०० टाका' म्हणतात. ५०,०००च्या पुढच्या मालाला ई-वे बिल लागतं, कोगनोळी नाक्यावर अडकेल, असा सल्लाही शेजारून मिळतो. वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना ई-वे बिलाची सक्ती नाही, तरी किंमत कमी लिहिली जाते. त्या ५००चं ओझं मग दाव्याच्या शेवटापर्यंत वाहावं लागतं. रकाना कोरा असेल तर परिस्थिती बरी. कंपनी 'कोरा म्हणजे शून्य' म्हणेल. आपण म्हणायचं की रकाना भरून घेणं काउंटरचं काम होतं, आणि वस्तूची किंमत बिलातून सिद्ध होते.

दोन, माल हरवला की चोरला गेला. कंपनीच्या नोकरानं किंवा एजंटानं केलेल्या गुन्हेगारी कृत्यातून नुकसान झालं तर कलम १२मध्ये त्याची वेगळी तरतूद आहे. आमच्या पेटीची कथा इथे बदलते. बुकिंगला ३.२ किलो, आणि ट्रॅकिंगमध्ये पुढच्या हबवर १.१ किलो दिसत असेल, तर पेटी रस्त्यात कुठेतरी पडली असं म्हणता येत नाही. ती कंपनीच्या ताब्यात असताना उघडली गेली. पण हा पुरावा आपोआप हातात येत नाही. पेटी उघडताना व्हिडिओ, सैल चिकटपट्टीचा फोटो, पोच घेताना 'पेटी उघडलेली आढळली' असा शेरा, आणि कंपनीकडे लेखी मागणी: 'प्रत्येक हबवरच्या वजनाची नोंद द्या.' नोंद दिली तर बरं, नाही दिली तरी ती न दिल्याचा मुद्दा आयोगापुढे चालतो. निपाणी पोलिसांकडे तक्रार देऊन पोचही घ्यावी.

म्हणून तक्रारीत नुसतं 'पार्सल हरवलं' असं लिहिणं महागात पडू शकतं. हरवणं ही दहापटीच्या मर्यादेची भाषा झाली. जे दिसलं तेच लिहा: 'कंपनीच्या ताब्यात असताना पेटी उघडून लॅपटॉप काढून घेण्यात आला. वजनातली २.१ किलोची घट त्याची निदर्शक आहे.' कोणी चोरलं हे तुम्हाला माहीत नसतं, तेव्हा कुणा मुलाचं नाव घेऊ नका.

दुसऱ्या अटीचा, परिणामी नुकसानीचा, मुद्दा थोडक्यात. मुलीचा प्रोजेक्ट बुडाला, परीक्षेचे फॉर्म राहिले, हे सगळं खरं असेल. पण 'प्रोजेक्ट बुडाल्याचे दोन लाख' असा वेगळा आकडा लिहिला की तो नेमका त्या अटीत बसतो, आणि त्याचा पुरावाही कठीण. तोच मजकूर मानसिक त्रासाच्या परिच्छेदात कारण म्हणून लिहावा, आकडा माफक ठेवावा. दाव्याचा कणा वस्तूची किंमत हाच असू द्या.

सात दिवसांची तिसरी अट कायद्यापुढे टिकत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २८ सांगतं की ठरावीक मुदत संपली म्हणून हक्कच संपेल, अशी अट तेवढ्यापुरती निरर्थक. तरीही सात दिवसांत ई-मेल टाकून ठेवावा, त्याला पैसे पडत नाहीत. खऱ्या मुदती दोन आहेत. रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम १६प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस पोहोचली पाहिजे. ही मुदत बुकिंगपासून मोजतात, नुकसान कळल्यापासून नाही. १० फेब्रुवारीच्या बुकिंगला ती ९ ऑगस्टला संपते. 'तपास चालू आहे, थोडं थांबा' असं कंपनीचं गोड उत्तर दर महिन्याला येत राहतं आणि ऑगस्ट उलटून जातो, हा नेहमीचा प्रकार आहे. दुसरी मुदत ग्राहक आयोगाची, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

आता खर्च. नोटीस स्पीड पोस्टनं पाठवायची, निपाणीच्या फ्रँचायझीला एक आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला एक. प्रत्येकी शंभराच्या आत काम होतं. 'मी नुसता एजंट' म्हणणाऱ्या फ्रँचायझीला वगळू नका. आयोगाची फी किती हे दाव्याच्या आकड्यावरून ठरत नाही. वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेल्या रकमेवरून ती ठरते. इथे सेवेचे मोजलेले पैसे ६२० रुपये, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीसला ४००, वीस ते पन्नास लाखांना १,०००. तिथपर्यंत जिल्हा आयोग. शपथपत्राचा मुद्रांक, नोटरी आणि झेरॉक्स मिळून काहीशे रुपये. वकील लागतोच असं नाही. दाखल करणं ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं, आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी असा अर्जही देता येतो. वकील घेतलाच तर फी आधी लेखी ठरवा. चाळीस हजारांच्या दाव्यात ती दहा हजारांवर गेली की गणित बिघडतं, कारण आयोग खर्चापोटी देतो ती रक्कम बहुधा त्याहून कमी असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. मोठ्या कंपन्या तिथेच पुष्कळदा मिटवतात.

मागणीचा परिच्छेद आमच्या शिक्षिकेनं असा लिहावा: लॅपटॉपची आजची किंमत ४२,००० (बिल ५४,०००चं, चौदा महिन्यांची झीज वजा करून), भाडं ६२० परत, मानसिक त्रासाबद्दल १०,०००, तक्रारीचा खर्च ५,०००. एकूण ५७,६२०. झीज स्वतःहून वजा केल्यानं आकडा विश्वासार्ह वाटतो, आणि कंपनीच्या वकिलाचा एक प्रश्न कमी होतो.

त्याच परिच्छेदात एक मोह टाळायचा असतो: 'सदर अटी अन्यायकारक करार म्हणून रद्दबातल ठरवाव्यात.' वाक्य भारदस्त आहे, पण 'अन्यायकारक करार' ही २०१९च्या कायद्यातली वेगळी संज्ञा आहे आणि त्या कारणाची तक्रार ऐकण्याचा, अट रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना दिलेला आहे. जिल्हा आयोगाच्या यादीत तो नाही. हे वाक्य बेळगावच्या तक्रारीत घातलं की समोरच्याला कार्यक्षेत्राचा आक्षेप आयता मिळतो, आणि ५७ हजारांच्या दाव्यासाठी राज्य आयोगाची वाट दिसू लागते. त्याऐवजी असं लिहा: 'सेवेत त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, सदर अट मला न दाखवल्यानं व रस्ता वाहतूक कायद्याशी विसंगत असल्यानं माझ्याविरुद्ध वापरता येणार नाही.' यात अट रद्द करा अशी मागणी नाही. ती या प्रकरणात लागू करू नका, एवढीच आहे, आणि ती ऐकणं जिल्हा आयोगाच्या आवाक्यातलं आहे.

हे सगळं घरगुती ग्राहकाचं झालं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा पॅटर्न किंवा निपाणीच्या व्यापाऱ्याचा माल गेला तर चित्र उलटं होतं. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेल्या स्वयंरोजगाराला सूट आहे, पण कामगार ठेवून चालणाऱ्या कारखान्याला ती मिळणं अवघड. तिथे लवादाची अट खरोखर चावते. दिवाणी दावा टाकला तर कंपनी लवाद कायद्याच्या कलम ८खाली तो लवादाकडे पाठवायला लावते. त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातला नमुना दर पाच लाखांपर्यंतच्या वादाला ४५,००० रुपये, एकटा लवाद असेल तर पंचवीस टक्के जास्त, म्हणजे ५६,२५०. दोन्ही पक्षांत वाटली तरी तीन लाखांच्या मालासाठी ही रक्कम टोचते. एकच गोष्ट व्यापाऱ्याच्या बाजूची आहे: वादात ज्याचा स्वार्थ आहे त्या पक्षानं एकतर्फी लवाद नेमायचा, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २०१९च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून मोडीत काढली आहे. कंपनीनं नेमलेल्या माणसाला लगेच, लेखी हरकत घ्या. आणि पुढच्या वेळी किंमत खरी लिहून जास्त जोखमीचा दर किंवा वाहतूक विमा विचारा.

दोन बाबतींत वरचं गणित जसंच्या तसं लावू नका. पावतीवर 'एअर' असेल तर विमान वाहतुकीचा वेगळा कायदा लागतो, तिथे मर्यादा किलोवर असते आणि तक्रारीची मुदतही कमी. पोस्टाचं पार्सल असेल तर रस्ता वाहतूक कायदा लागूच होत नाही, कारण त्यातून सरकार वगळलं आहे. पोस्टाला २०२३च्या स्वतःच्या कायद्यानं बरंच संरक्षण आहे, आणि स्पीड पोस्ट हरवल्यास भरपाई अगदी मर्यादित मिळते. महाग वस्तू असेल तर विमा उतरवूनच पाठवावी.

नोटीस गेल्यावर कधीकधी कंपनीकडून १०० रुपये किंवा भाड्याएवढी रक्कम थेट खात्यात येते, सोबत ई-मेल: 'पूर्ण व अंतिम तडजोड'. त्याच दिवशी उत्तर द्या की रक्कम मागणीचा अंश म्हणून, हरकत राखून ठेवली आहे. काउंटरवर बोलावून व्हाउचरवर सही मागितली तर आधी ते वाचा. 'यापुढे कोणतीही मागणी नाही' ही ओळ असेल तर ती खोडून बाजूला सही करा, नाहीतर पैसे न घेता परत या. आयोगापुढे आलेली तडजोड वेगळी. ५७,६२०च्या दाव्यात कंपनी पहिल्या-दुसऱ्या तारखेला तीस-पस्तीस हजार देऊ करत असेल, तर बेळगावच्या पुढच्या फेऱ्या, आणि हरल्यास कंपनीनं पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगात करायचं अपील, हे दोन्ही धरून आकडा मोजावा. अपील करताना कंपनीला निकालाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. हे तिच्या वकिलालाही ठाऊक असतं, आणि तडजोडीचा आकडा वाढवून मागताना त्याचा उपयोग होतो.